मनगटावरचा घोर

सुदर्शन पहिल्यांदा माझ्या दारात आला आणि त्यानं मला 'आजी' म्हटलं. तिथंच आमचं बिनसलं.

"आजी तुझ्या घरी," मी म्हणाले. "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवण्यात जन्म घालवला. अख्खं अहमदपूर मला बाई म्हणतं. तूबी बाईच म्हण."

"हाव बाई," तो म्हणाला आणि न सांगता खुर्चीत बसला. पोरगं मुरुडचं. लातूरला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग ती सोडून नांदेडला दोन मित्रांबरोबर कंपनी काढलेली. कंपनीचं नाव 'बिनघोर'. परगावी राहणाऱ्या मुलांना गावाकडच्या आईबापांचा घोर लागू नये, म्हणून बिनघोर. माझा मुलगा आनंदराज बेंगळुरूला असतो. त्यानं मोबाईलवर ही कंपनी शोधली आणि मला न विचारता माझं नाव त्यात घालून टाकलं. मुलं शिकली की आईला विचारायचं विसरतात, हे मी दुसऱ्यांच्या घरी पुष्कळ पाहिलं होतं. आता माझ्याही घरी पाहिलं.

सुदर्शननं मांडीवर टॅब ठेवला आणि पुस्तकात वाचल्यासारखं विचारलं, "बाई, तुमच्या न भागलेल्या गरजा कोणत्या?"

मला हसू आवरेना. "हा सवाल कुणी लिहिला रे?"

"आमीच. लई मोठा सर्व्हे केला बाई. शेकडो लोकांशी बोललो."

"म्हाताऱ्या माणसांशी?"

तो जरा घुटमळला. "न्हाई, त्यांच्या मुलांशी. गिऱ्हाईक ते हायत ना."

म्हणजे घर माझं, गुडघे माझे, आणि गिऱ्हाईक आनंदराज. मी चहा ठेवायला उठले होते, ती परत बसले. म्हटलं, लिही. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाते तर यंत्रावर माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, खडूनं झिजलेत. मी समोर उभी, तरी मी जिवंत आहे हे सिद्ध होत नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनला नांदेडला गेले तर डॉक्टरांच्या आधी खिडकीतली मुलगी विचारते, सोबत कोण हाय? सोबत नाही म्हटलं की पुढची तारीख. मोतीबिंदू वर्षभर तसाच पिकतोय. बाथरूमात उठताना धरायला काही नाही, नळाच्या तोटीला धरून उठते. लिहिलंस?

त्यानं लिहिलं नव्हतं. "बाई, हे सगळं माणसानं करायचं काम हाय. हे स्केल होत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे एका जागी केलं तसं हजार जागी करता आलं पाहिजे."

"मग म्हाताऱ्या काय एकाच जागी पडतात व्हय रे?"

त्यावर त्यानं पिशवीतून बँड काढला. काळा, रबरी, घड्याळासारखा. रोज सकाळी आठच्या आत त्याचं बटण दाबायचं. दाबलं की हिरवा दिवा लागतो आणि आनंदराजच्या मोबाईलवर 'आई ठीक' असं उमटतं. नाही दाबलं तर आधी मला फोन, मग आनंदराजला, आणि तरीही पत्ता लागला नाही तर सुदर्शन स्वतः दारात. बटण दाबून धरलं की मदतीची हाक. त्यात पाणी जात नाही, त्यामुळे अंघोळीलासुद्धा काढायचा नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.

रात्री आनंदराजचा फोन आला. आमचे हे गेल्यापासून त्यानं बेंगळुरूचं टुमणं लावलं होतं. आता त्याला अटच सापडली. "आई, तीन महिने बँड घालून इथं एकटी राहून दाखव. पण एकदा जरी काही गडबड झाली, तर घर भाड्यानं द्यायचं आणि माझ्याकडे यायचं. मग वाद नाही."

मी हो म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून आला असता. बेंगळुरूला मी एकदा राहून आले आहे. चौदावा मजला. मुलगा ऑफिसात, सून बुद्धप्रिया नोकरीला चेन्नईत, शनिवार-रविवारी येणार. दिवसभर मी आणि लिफ्टचा आवाज. भांडायला माणूस नाही! भांडण नसलेल्या घरात माझा जीव गुदमरतो. आणि हे घर आम्ही दोघांनी भविष्य निर्वाह निधी मोडून बांधलं आहे. दारावर आमच्या दोघांचीही नावं कोरलीत, माझं आधी. ते भाड्यानं द्यायला काय ती सायकल आहे?

आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आम्ही तिघी. मी, समोरची केवळाबाई आणि कडेची नीलम्मा. केवळाबाईंचा मुलगा हरिओम पुण्याला. त्यांची जमीन गावाकडे बटईनं दिलेली, आणि त्या गल्लीत राज्य करतात. नीलम्मा उदगीरकडची, तिची लेक सोलापूरला. आनंदराजचं बघून हरिओमनं बँड घेतला, हरिओमचं बघून त्या लेकीनं घेतला. पंधरवड्यात तिघींच्या मनगटावर काळी पट्टी आली.

आता आमच्या गल्लीची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीनं घडवलं. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि पहाटे येतो. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला डोळ्याला डोळा लागलेला नाही, म्हणून एकीनं तिघींचे नळ बघायचे, ही रीत. गॅसवाला आला की जी दारात असेल ती तिघींच्या टाक्या घेणार. मीटरवाला, पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांचं तसंच. घरांच्या किल्ल्या नीलम्माकडे, कारण ती चार वाजता उठते आणि तिच्या भिंतीला मोठी खुंटी आहे. तीस वर्षांपूर्वी याच केवळाबाई माझ्या घागरीला हात लावत नव्हत्या. मी ते विसरले नाही आणि त्याही विसरलेल्या नाहीत. पण नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की माणसाला विटाळ परवडत नाही. त्यांनी पहिल्यांदा माझी घागर उचलून माझ्या ओट्यावर ठेवली, तेव्हा दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. त्यानंतर रोज भांडलो.

तर अशा गल्लीत बँड आले. लाईटीची वस्तू पाण्यात न्यायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. कंपनी काहीही म्हणो. अंघोळीआधी तो काढायचाच. काढला की विसरायचा. विसरला की आठनंतर मुलाचा फोन, "आई, का दाबलं नाहीस?" आठवडाभर हा तमाशा झाल्यावर नीलम्मा म्हणाली, "अक्का, माझ्याकडं द्या की. खुंटीला अडकवते. मी दाबते तुमचंबी, तिचंबी. मला काय, चारला उठूनच असते."

झालं. रोज सहाच्या आत तीन हिरवे दिवे. बेंगळुरू, पुणे, सोलापूर, सगळे बिनघोर. सुदर्शन तर हवेतच होता. त्याचा फोन आला, "बाई, तुमची गल्ली आमची सगळ्यात भारी गल्ली हाय! शंभर टक्के! पुण्याहून पैसे लावणारे साहेब येणार हायत नांदेडला, त्यांच्यापुढं तुमच्या गल्लीचा आलेख दाखवणार. तुमी दोन शब्द बोलाल का?" मी म्हटलं बोलेन. तेव्हा मला त्यात नुसती गंमत दिसत होती.

पुढच्या नळाच्या दिवशी पाळी केवळाबाईंची होती, आणि पहाटे मी ओट्यावर बसले होते. केवळाबाईंच्या दाराखालून पाण्याचा ओघळ आला. आधी बारीक, मग चांगला रस्ताभर. मी ओरडले, "ओ केवळाबाई, नळ चाललाय वाया!" उत्तर नाही. ही बाई भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालते, झाडाचं गळलेलं पाणी परत तांब्यात घेते. तिच्या घरातून नळाचं पाणी वाया जातंय, याचा एकच अर्थ होता. मी नीलम्माकडून किल्ली घेतली. किल्लीशेजारीच केवळाबाईंचा बँड लटकत होता, दिवा हिरवा.

त्या बाथरूमात पडल्या होत्या. पाय विचित्र वळलेला, ओठ निळे, पण शुद्धीवर. तासभर तरी झाला असावा. मला बघून पहिला शब्द काय? "नळ बंद कर आधी."

मी नळ बंद केला. नीलम्मानं चादर टाकली. केवळाबाईंना हलवू नकोस म्हटलं तिला, एवढं मला शाळेतल्या प्रथमोपचारातून माहीत होतं. १०८ ला फोन लावला, मग हरिओमला आणि सुदर्शनला. सुदर्शन नांदेडहून निघाला तो थेट लातूरला आला, कारण अहमदपूरच्या दवाखान्यात बघून त्यांनी आम्हाला लातूरला पाठवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

लातूरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे झाला, रक्त घेतलं, छातीचा आलेख काढला. कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारल्यावर नीलम्मानं पदराच्या गाठीतून केवळाबाईंच्या गोळ्यांची पुडी काढली, रक्त पातळ करण्याची गोळीही त्यातच निघाली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं कळलं. ऑपरेशन लवकर करावं लागेल, अशी माणसं अंथरुणावर पडून राहिली तर छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात. इथवर सगळं नीट चाललं होतं. मग काउंटरवरचा माणूस म्हणाला, "नातेवाईक कोण? सही लागेल."

मी म्हटलं, "पेशंट शुद्धीवर आहे, समजतंय तिला सगळं. तिचीच सही घ्या."

"मावशी, तसं चालत नाही. मुलगा, मुलगी, कोणीतरी रक्ताचं पाहिजे."

"मुलगा पुण्याहून निघालाय, रात्र होईल पोचायला. तोवर तिनं काय करायचं?"

"तुमचं नातं काय?"

"नळाचं," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करत नव्हते. मी त्याला मोठ्यानं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं की शहाण्या माणसाच्या शरीराची परवानगी ते माणूसच देतं, मुलगा नाही, आणि हे तुमच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. तुम्हाला उद्या भांडायला येणारं माणूस हवंय, तर मी येते, माझ्याएवढं भांडणारं तुम्हाला लातूर जिल्ह्यात मिळायचं नाही. डॉक्टर बाहेर आले. केवळाबाईंनी स्ट्रेचरवरूनच स्वतःचं नाव लिहिलं. सोबतीच्या जागी मी सही ठोकली. सुदर्शन भिंतीला टेकून हे सगळं बघत होता.

मग त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. हरिओमचा फोन. तो इतका ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं. "आई पडली म्हणतायत, आणि माझ्या मोबाईलवर सकाळपासून 'आई ठीक' आहे! काय कंपनी चालवायलात तुम्ही?"

सुदर्शननं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला खुंटीची गोष्ट सांगितली. तो बाकावर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं. मला त्याची दया आली, पण थोडीच.

ऑपरेशन नीट झालं. हरिओम आला, आईच्या पायाशी बसून रडला. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूहून आनंदराज आला. तो केवळाबाईंना भेटला आणि मग व्हरांड्यात माझ्यावर घसरला. "आई, तू बँड खुंटीला लावत होतीस? अंघोळीलासुद्धा काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना! एवढी साधी गोष्ट पाळता येत नाही? त्यांच्या जागी तू असतीस तर?"

"तर केवळाबाईनं मला उचललं असतं."

"अट ठरली होती आई. मी तिकीट काढलंय. परवा संध्याकाळी नांदेडहून गाडी आहे."

अट ठरली होती हे खरं. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं मी मानलं.

संध्याकाळी सुदर्शन चहाचे कप घेऊन आला. "बाई, परवाच नांदेडची मीटिंग हाय. तुमी नका येऊ आता. मी बघतो. हरिओमदादा आन् आनंदराजदादा दोघंबी म्हणायलेत, कॅमेरे लावा. प्रत्येक खोलीत. पडलं की मोबाईलवर चित्र. साहेबांनाबी तेच पाहिजे." तो मान खाली घालून बोलत होता.

"मी येणार," मी म्हणाले. "दोन शब्दांचं कबूल केलंय मी."

घरी जाऊन मी बॅग भरली. आनंदराजनं ती गाडीत ठेवताना उचलली आणि म्हणाला, "केवढी जड आहे! काय काय घेतलंस?" मी म्हटलं, लागतं ते घेतलंय. तो खूश झाला. लोहा येईपर्यंत तो मला बेंगळुरूच्या बागांचं वर्णन सांगत होता. ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लबही आहे म्हणे. मला हसायला क्लब लागतो असं माझ्या पोटच्या पोराला वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं.

नांदेडला एका कॉलेजच्या हॉलमध्ये मीटिंग होती. पुण्याचे साहेब, आणखी चारपाच माणसं, मागे आनंदराज. सुदर्शननं पडद्यावर चित्रं दाखवली. एकटे राहणारे आईबाप किती, परगावची मुलं किती, मुलांना घोर किती. शेवटी कॅमेऱ्याचं चित्र आलं. साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. मुलं पैसे देतात, त्यांना डोळ्यांनी बघायला आवडेल. यात आई-वडिलांचं काही म्हणणं?" आणि ते माझ्याकडं बघून हसले, बाळाकडं बघून हसतात तसं.

मी उभी राहिले. "साहेब, आमची केवळाबाई कुठं पडली माहिती हाय का?"

"घरात."

"बाथरूमात. म्हातारं माणूस जास्त करून तिथंच पडतं. ओली फरशी, उठाबस, धरायला काही नसतं. तर कॅमेरा बाथरूमात लावणार का?"

साहेबांनी पडद्यावरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"लावणार असाल तर आधी कुणाच्या आईच्या बाथरूमात लावता, ते ठरवा. तुमच्या का माझ्या पोराच्या?"

मागे आनंदराजची खुर्ची वाजली. मी थांबले नाही. एकदा वर्ग सुरू झाला की मी घंटेशिवाय थांबत नाही.

"सुदर्शन, केवळाबाई पडली त्या सकाळचं चित्र दाखव."

"बाई..." तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. अख्खी कंपनी त्या पडद्यावर होती, हे मलाही कळत होतं. मग त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि पडद्यावर ते आलं. केवळाबाईंचं नाव, हिरवा ठिपका, 'आई ठीक'.

"ही बाई तेव्हा खुबा मोडून फरशीवर पडली होती," सुदर्शन स्वतःच म्हणाला. "आमचा आलेख खोटा हाय साहेब. तिघींचे बँड एका खुंटीला होते."

"मग हा वापरणाऱ्यांचा दोष झाला," साहेब म्हणाले.

"हाव, दोष आमचाच," मी म्हणाले. "आमी एकमेकींचं करतो, हा दोष. नळ एकमेकींचे बघतो, सिलिंडर एकमेकींचे घेतो, म्हणून बटणबी एकमेकींचं दाबलं. तुमच्या यंत्राला वाटलं आमी एकेकट्या हाव. आमची पोरं सोडून आमाला कुणी न्हाई, असं धरूनच तुमी ते केलंत. केवळाबाईला कुणी शोधलं? पुण्याला फोन गेला म्हणून न्हाई. पाणी वाया चाललं, ते समोरच्या बाईला बघवलं न्हाई, म्हणून ती सापडली. आता माझ्या गरजा लिहून घ्या. बाथरूमात धरायला दांडी. दवाखान्यात सोबत येणारं, सही करणारं, गोळ्या ठाऊक असणारं माणूस, मी बोलवीन तेव्हा येणारं. बँकेत ठसा उमटला न्हाई तर माझ्यासाठी भांडणारं. आन् काही झालंच तर पहिला फोन कुणाला जायचा, ते मी ठरवणार. पैसे पोरगा देत असंल म्हणून त्याला ठरवायचं असंल, तर पैसे मी देते. पेन्शन येते मला. आता झाले का मी गिऱ्हाईक?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. विचार करून कळवू म्हणाले. ते कळवणार नव्हते, हे सुदर्शनलाही कळलं. तरी तो माझ्याबरोबर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा हॉलमध्ये होता त्यापेक्षा बरा दिसत होता. "बाई, दांडी बसवायला नळवाला लागंल ना?" त्यानं विचारलं.

स्टेशनवर सोडायला सुदर्शनही आला. फलाटावर गाडी लागली होती. आनंदराज बॅग उचलून डब्याकडं निघाला, तेव्हा मी म्हणाले, "उघड ती."

त्यानं चेन ओढली. ज्वारीचं पीठ, हुलगे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. एकही साडी नव्हती.

"हे सगळं तुझं. माझं तिकीट रद्द कर."

"आई, अट..."

"अट तू घातलीस. मी हो म्हटलं ती माझी चूक, आता न्हाई म्हणते. ते घर माझं आहे आनंदराज. मी तिथं पडेन, तिथंच उठेन. उठले नाही तर तुला कळवायला माणसं आहेत."

त्याचे डोळे भरून आले. चाळिशी ओलांडलेला बाप्या फलाटावर लहान झाला. "तुला माहीत नाही आई. मला झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं."

मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि मी धरलं. आसपासची माणसं बघत होती, बघू देत. पण धरून झाल्यावर मी त्याला सांगितलं, "तुझी झोप हा तुझा आजार आहे बाळा. त्याचं औषध माझ्या मनगटाला बांधू नकोस. आणि धस्स फक्त तुलाच होतं का? गेल्या वर्षी तुला बीपी निघालं. मला कधी कळलं? चार महिन्यांनी, तेही बुद्धप्रियाकडून. तिकडं तू हप्ताभर एकटा. तुझी खबर मला कोण देतं?"

खुंटीवरून परत माझ्या मनगटावर आलेला बँड मी काढला आणि त्याच्या मनगटावर बांधला. जरा घट्ट बसला. "सुदर्शन, ह्याचं नाव टाक. रोज आठच्या आत दाबायचं. न्हाई दाबलं तर पहिला फोन मला."

सुदर्शन आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला, आणि मग हसत हसत त्यानं टॅब उघडला. माझ्यासाठी त्याच्या पिशवीत दुसरा बँड होता. त्यात मी तीन नावं सांगितली. पहिली नीलम्मा, दुसरा सुदर्शन, तिसरा आनंदराज. केवळाबाई बऱ्या झाल्या की त्यांचं नाव वर घ्यायचं होतं.

"तिसरा?" आनंदराज म्हणाला.

"जवळ राहायला आलास की पहिला करीन."

गाडी सुटली तेव्हा त्यानं दारातून हात केला, बँडवालाच.

पुढच्या आठवड्यात सुदर्शन नळवाल्याला घेऊन आला आणि तिघींच्या बाथरूमात दांड्या बसवून गेला. पुण्याच्या साहेबांनी कळवलं नाही. केवळाबाई वॉकर घेऊन घरी आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी त्या दिवशी किती पाणी वाया गेलं याचा माझ्याकडं हिशोब मागितला. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. सोबत नीलम्मा येणार, आणि सुदर्शन गाडी आणणार, त्याचे पैसे मी देणार.

एका सकाळी आठ वाजून गेले आणि माझा मोबाईल वाजला. 'आनंदराज यांनी आज ठीक दाबलेलं नाही.' मी त्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मी ओट्यावर बसले होते, उठले, परत बसले. बीपी. चौदावा मजला. दार आतून बंद असेल तर? शेजारी कोण राहतं, त्याचं नाव तरी मला माहीत होतं का? नीलम्मानं माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, लावा परत." माझ्या बोटांना बटण सापडत नव्हतं.

चौथ्यांदा त्यानं उचलला. धापा टाकत. "काय झालं आई? अगं, अंघोळीला गेलो होतो. बँड काढून ठेवला होता, पाण्यात कशाला न्यायचा म्हणून."

मी नीलम्माला मानेनंच सांगितलं, ठीक आहे. आपण काय बोललो, ते त्याला कळायला जरा वेळ लागला.

"हाव बाळा," मी म्हणाले. "आमीबी तसंच करतो."